एक टीएमसी पाण्याचा ठोकळा केला तर? फक्त घनफळावरून बाजू, पृष्ठफळ आणि कर्ण कसा काढायचा

पावसाळा सुरू झाला की पुण्यात सकाळी पेपर उघडल्यावर डोळे आधी एका चौकटीकडे जातात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं आणि प्रत्येकासमोर टीएमसीचा आकडा. तो वाढला की घरात सगळ्यांना बरं वाटतं. यंदा जुलैमध्ये माझ्या दहावीतल्या पुतणीने त्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं, "काका, एक टीएमसी म्हणजे नेमकं केवढं पाणी?"

मी म्हटलं, "एक अब्ज घनफूट." लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे २,८३२ कोटी लिटर. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की दोन्ही उत्तरांनी काहीच साधलं नाही. अब्ज काय आणि हजारो कोटी काय, डोळ्यांसमोर चित्र उभं राहत नाही. मग मी उलटा प्रश्न विचारला. समज, हे सगळं पाणी एका ठोकळ्यात भरायचं आहे, आणि ठोकळा असा की त्याची लांबी, रुंदी, उंची सारखीच. तर त्याची एक बाजू किती येईल?

ती म्हणाली, "पण आपल्याला फक्त घनफळ माहीत आहे. बाजू कुठे दिलीय?"

हा लेख तिच्या या वाक्याबद्दल आहे. महत्त्वमापनाच्या धड्यात बहुतेक उदाहरणांत बाजू दिलेली असते आणि घनफळ काढायचं असतं. इथे वाट उलटी आहे. हातात फक्त घनफळ आहे आणि त्यावरून बाजू, बाहेरचा पृष्ठभाग आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं आरपार अंतर काढायचं आहे. टाकी बांधणाऱ्यालाही प्रश्न असाच पडतो, कारण त्याला सांगितलेलं असतं ते "दहा हजार लिटरची टाकी हवी" एवढंच.

## आधी चार शब्द

सहा चौरसांनी बंद झालेला ठोकळा म्हणजे घन. त्याला बारा कडा असतात आणि त्या सगळ्या सारख्या लांबीच्या असतात. एका कडेची लांबी म्हणजे घनाची बाजू. आत मावणारी जागा म्हणजे घनफळ. बाहेरचे सहाही चौरस मिळून जेवढं क्षेत्रफळ होतं, ते एकूण पृष्ठफळ. एका कोपऱ्यापासून, घनाच्या पोटातून जाऊन, थेट विरुद्ध कोपऱ्यापर्यंत जाणारी रेघ म्हणजे घनाचा कर्ण. प्रत्येक चौरसाला स्वतःचा वेगळा कर्ण असतो, त्याची यात गल्लत करायची नाही. तो पृष्ठभागावरच राहतो, हा मात्र आरपार जातो.

## एका आकड्यातून तीन उत्तरं येतात तरी कशी?

नुसत्या घनफळावरून खरं तर काहीच कळत नाही. दहा घनमीटरची टाकी ५ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच असू शकते. ती लांबट नळकांड्यासारखीही असू शकते. घनफळ तेच, मापं पार वेगळी.

हरवलेली माहिती परत मिळवून देतो तो "घन आहे" हा शब्द. तो म्हणताच लांबी, रुंदी आणि उंची या तीन अज्ञात गोष्टींच्या जागी एकच उरते. बाजू × बाजू × बाजू = घनफळ. एक अज्ञात, एक समीकरण, म्हणून उत्तरही एकच. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या 'आर्यभटीया'त घनाची व्याख्या अशीच दुहेरी आहे: तीन सारख्या संख्यांचा गुणाकार म्हणजे घन, आणि बारा कडांची आकृती म्हणजेही घन. आकृती आणि आकडेमोड यांना एकच शब्द. आपण आजही तोच वापरतो.

म्हणून बाजू काढायची तर अशी संख्या शोधायची, जी स्वतःने तीनदा गुणल्यावर घनफळ देईल. तिला घनमूळ म्हणतात. एक टीएमसीचं घनमूळ तर अगदी हातासरशी मिळतं. एक अब्ज म्हणजे १,००० × १,००० × १,०००. म्हणजे एक टीएमसी पाणी हा हजार फूट लांब, हजार फूट रुंद आणि हजार फूट उंच असा ठोकळा. मीटरमध्ये ३०४.८. पुतणीने खिडकीबाहेर समोरच्या इमारतीकडे पाहिलं आणि पहिल्यांदा "बाप रे" म्हणाली.

## अर्धं पाणी म्हणजे अर्धी बाजू का नाही?

गाडी अडते ती बहुतेक इथेच, म्हणून जरा थांबतो. आम्ही जुन्या दिनदर्शिकेच्या जाड पुठ्ठ्याचा एक खोका केला, आतून १० सेंटिमीटर बाजूचा. वरची बाजू झाकणासारखी उघडी ठेवली, कडांना चिकटपट्टी लावली, आत प्लॅस्टिकची पिशवी बसवली आणि मोजून एक लिटर पाणी ओतलं. १० × १० × १० म्हणजे १,००० घनसेंटिमीटर, म्हणजेच एक लिटर. पाणी काठोकाठ यायला हवं होतं. ते काठाच्या थोडं खाली राहिलं, कारण पाण्याच्या दाबाने पुठ्ठ्याच्या भिंती मधोमध फुगल्या आणि खोका मुळात होता त्यापेक्षा किंचित मोठा झाला. दोन्ही हातांनी भिंती आत दाबल्या तशी पातळी वर आली.

मग मी विचारलं, अर्ध्या लिटरचा घन करायचा तर बाजू किती घ्यायची? ती लगेच म्हणाली, "पाच." आम्ही ५ सेंटिमीटरचाही खोका केला. त्यात १२५ मिलिलिटरच मावलं, लहान कपभर चहाइतकं. ५ × ५ × ५ = १२५. अर्धं नाही, आठवा भाग. असे आठ छोटे खोके मोठ्या खोक्यात बरोबर बसतात: चार खाली, चार वर. बाजू निम्मी केली की लांबी निम्मी होते, रुंदी निम्मी होते आणि उंचीही निम्मी होते. तीन वेळा निम्मं म्हणजे एक अष्टमांश.

अर्ध्या लिटरच्या घनाची खरी बाजू ७.९४ सेंटिमीटर आहे. घनफळ निम्मं झालं तरी बाजू फक्त पाचव्या हिश्श्याने कमी होते. म्हणून "धरण अर्धं भरलं" या बातमीचं चित्र घनात काढायचं असेल तर निम्म्या उंचीचा ठोकळा काढणं चूक ठरेल. पानशेत पूर्ण भरलेलं असताना त्याचा घन २,२०० फूट बाजूचा होतो (तो कसा, हे पुढे काढू). धरण ५० टक्क्यांवर आलं की त्या पाण्याच्या घनाची बाजू १,७४६ फूट असते. ती निम्म्यावर, म्हणजे १,१०० फुटांवर यायला साठा साडेबारा टक्क्यांपर्यंत घसरावा लागेल.

याच कारणाने बाजूंची बेरीजही करता येत नाही. चार धरणांची मिळून उपयुक्त साठवण क्षमता २९.१५ टीएमसी आहे. खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१. प्रत्येकाचा वेगळा घन केला तर चार बाजूंची बेरीज ७,३०० फुटांच्या वर जाते. पण सगळं पाणी एकाच घनात ओतलं तर त्याची बाजू येते सुमारे ३,०७८ फूट, म्हणजे ९३८ मीटर. खडकवासल्याच्या पाण्यापासून सिंहगडाचा माथा सातशे मीटरांहून थोडाच उंच आहे. हा ठोकळा त्याच्याही वर डोकं काढून उभा राहील. बेरीज करायची तर घनफळांची करायची आणि घनमूळ शेवटी एकदाच काढायचं.

## घनमूळ हाताने कसं काढायचं?

१,००० किंवा १२५ सारख्या संख्या सोप्या, त्यांचे मूळ अवयव पाडून तीन-तीनचे गट केले की घनमूळ मिळतं. खऱ्या आयुष्यातली घनफळं अशी सोयीची नसतात. दहा घनमीटरचं, म्हणजे दहा हजार लिटरचं घनमूळ काय? २ चा घन ८, ३ चा घन २७. म्हणजे उत्तर दोन आणि तीनच्या मध्ये, दोनच्या बरंच जवळ. इथवर अंदाज झाला. पुढची रीत मला फार आवडते, कारण ती नुसती रीत नाही, तिच्यामागे चित्र आहे.

समजा, टाकीचा तळ २ मीटर × २ मीटर घेतला. त्यात दहा घनमीटर पाणी ओतलं तर ते किती उंच चढेल? तळाचं क्षेत्रफळ ४, म्हणून १० ÷ ४ = २.५ मीटर. आपल्याकडे आता २, २ आणि २.५ अशा मापांची टाकी आहे. ती अजून घन नाही, थोडी उभट आहे. घन करायचा तर उंचीतलं जास्तीचं माप तिन्ही दिशांना सारखं वाटून द्यायचं, म्हणजे तिघांची सरासरी घ्यायची. (२ + २ + २.५) ÷ ३ = २.१६७.

आता हीच नवी संख्या तळासाठी घेऊन पुन्हा तेच करायचं. २.१६७ चा वर्ग ४.६९४ (पुढचे दशांश धरून). १० ला त्याने भागलं की उंची २.१३० येते. तिघांची सरासरी २.१५४५. खरं घनमूळ २.१५४४ आहे. दोनच फेऱ्यांत चूक दहा हजारांश मीटरवर आली. न्यूटनच्या नावाने ओळखली जाणारी रीत घनमुळाला लावली तर नेमकी हीच आकडेमोड निघते. आर्यभटाने दिलेली घनमुळाची रीत वेगळी आहे, ती भागाकारासारखी एकेक अंक काढत जाते.

मोबाईलवरच्या गणकयंत्रात घनमुळाचं बटण नसेल तर घात एक-तृतीयांश द्यायचा. तो देताना कंस विसरला की उत्तर पार चुकतं आणि पुष्कळांच्या ते लक्षातही येत नाही. स्प्रेडशीटमध्ये हे असं लिहायचं:

```
=10^(1/3)    → 2.1544
=10^1/3      → 3.3333
```

दुसऱ्या ओळीत यंत्राने आधी १० चा पहिला घात घेतला आणि मग ३ ने भागलं. ही चूक पकडायला एकच सवय पुरे: आलेलं उत्तर तीनदा गुणून पाहायचं. ३.३३ चा घन ३७ च्या आसपास येतो. दहा कुठे आणि सदतीस कुठे.

## बाजू मिळाली, आता पृष्ठफळ

हा भाग सोपा आहे. एका चौरसाचं क्षेत्रफळ बाजू × बाजू, असे सहा चौरस, म्हणून पृष्ठफळ = ६ × बाजू². लिटरच्या खोक्यासाठी ६ × १०० = ६०० चौरस सेंटिमीटर. दहा हजार लिटरच्या टाकीसाठी २.१५४४ चा वर्ग ४.६४२, त्याची सहापट २७.८५ चौरस मीटर.

इथे एकच गोष्ट सांभाळायची. बाजू आधीच दोन अंकांवर आणून मग वर्ग करायचा नाही. कोणी २.१५४४ ऐवजी २.२ धरलं तर पृष्ठफळ २९.०४ येतं, सुमारे १.२ चौरस मीटरने जास्त. बाजूतली चूक वर्ग करताना जवळपास दुप्पट होते आणि घन करताना तिप्पट. याची दुसरी बाजू मात्र आपल्या फायद्याची आहे. घनफळाच्या मोजणीत ३ टक्के चूक असेल तर त्यावरून काढलेल्या बाजूत १ टक्काच चूक उतरते, पृष्ठफळात २ टक्के आणि कर्णात पुन्हा १ टक्का. वाट उलटी आहे म्हणून चूक वाढण्याऐवजी आटते.

लहान खोके आठ आणि मोठा एक, दोन्हींत पाणी तेवढंच मावलं होतं. पण पुठ्ठा? लहान खोक्याचं पृष्ठफळ १५० चौरस सेंटिमीटर, आठांचं १,२००. मोठ्याचं ६००. तेवढंच पाणी आठ टाक्यांत साठवायला एका टाकीच्या दुप्पट भिंत लागते.

## आरपार कर्ण: पायथागोरस दोनदा

कर्णाचं सूत्र तोंडपाठ करण्याआधी ते हाताने पाहावं असं मला वाटतं. आम्ही खराट्याचा एक हीर घेतला. तो खोक्याच्या तळावर आडवा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ठेवला आणि टोकाशी कापला. लांबी जेमतेम १४.१ सेंटिमीटर. तळाचा चौरस १० × १०, त्याच्या कर्णाचा वर्ग १०० + १०० = २००, म्हणून कर्ण १४.१४. हा झाला पहिला पायथागोरस.

मग दुसरा, लांब हीर घेतला. त्याचं एक टोक तळाच्या कोपऱ्यात टेकवलं आणि दुसरं समोरच्या वरच्या कोपऱ्याकडे तिरकं उचललं. हा हीर, तळावरचा पहिला हीर आणि कोपऱ्यातली उभी कड या तिघांचा मिळून एक काटकोन त्रिकोण होतो, कारण उभी कड तळाशी काटकोनात असते. एक बाजू १४.१४, दुसरी १०. वर्गांची बेरीज २०० + १०० = ३००. वर्गमूळ १७.३२. हीर कापून पट्टीवर ठेवला, सतरा सेंटिमीटरच्या तीन रेघा पुढे.

कर्णाच्या वर्गात बाजूचा वर्ग तीनदा आला: लांबीचा, रुंदीचा, उंचीचा. म्हणून घनाचा कर्ण = बाजू × √३, म्हणजे बाजू × १.७३२. दहा हजार लिटरच्या टाकीसाठी २.१५४४ × १.७३२ = ३.७३ मीटर. त्या टाकीत याहून लांब सरळ पाइप किंवा सळई कशीही तिरकी केली तरी मावणार नाही. तीन मीटरची मावेल, पण तळावर आडवी ठेवायची तर तळाच्या कर्णापुरतीच (३.०५ मीटर) जागा आहे.

## पानशेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत

आता सगळं एकदा सलग करू. पानशेतची क्षमता १०.६५ टीएमसी. एक टीएमसीची बाजू हजार फूट, म्हणून १०.६५ चं घनमूळ काढून हजाराने गुणलं की झालं. अब्जाचे शून्य लिहीत बसायला नको. २ चा घन ८, म्हणजे दोनपेक्षा जरा जास्त. २.२ करून पाहू: २.२ × २.२ = ४.८४, पुन्हा २.२ ने गुणलं की १०.६४८. पहिल्याच फटक्यात जवळजवळ नेमकं. बाजू २,२०० फूट, म्हणजे ६७१ मीटर.

एका पृष्ठाचं क्षेत्रफळ २,२०० × २,२०० = ४८ लाख ४० हजार चौरस फूट. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणून हे पृष्ठ १११ एकरांचं. सहा पृष्ठं मिळून २ कोटी ९० लाख ४० हजार चौरस फूट, सुमारे ६६७ एकर. कर्ण २,२०० × १.७३२०५ = ३,८१०.५ फूट, म्हणजे ११६१ मीटर. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सव्वा किलोमीटरला थोडंसं कमी.

## "पण धरण काही घन नसतं!"

बरोबर आहे, आणि ही शंका यायलाच हवी. धरणाचं पाणी दरीच्या आकाराने पसरतं, काठाशी उथळ आणि भिंतीजवळ खोल असतं. १११ एकर हे काही पानशेतच्या पाणपसाऱ्याचं क्षेत्र नाही, तो याहून खूप मोठा आहे. घनाचा उपयोग इथे फक्त अब्जाला डोळ्यांत मावेल असं माप देण्यापुरता. त्या पृष्ठफळावरून बाष्पीभवनाचा हिशोब कोणी केला तर तो साफ चुकेल.

तरीही त्या आकड्यातून एक पक्की गोष्ट कळते. तेवढंच घनफळ असलेल्या सगळ्या आयताकृती ठोकळ्यांमध्ये सर्वांत कमी पृष्ठफळ घनाचं असतं, आणि सर्वांत छोटा कर्णही घनाचाच. आधीची ५ × २ × १ मीटरची टाकी घ्या. घनफळ दहाच, पण पृष्ठफळ ३४ चौरस मीटर आणि कर्ण ५.४८ मीटर. घनाची २७.८५ आणि ३.७३. म्हणजे घन धरून काढलेलं पृष्ठफळ ही खालची मर्यादा आहे. दहा हजार लिटरची खोक्यासारखी टाकी बांधताना कोणी २७.८५ पेक्षा कमी एकूण क्षेत्रफळाचा हिशोब दाखवला, तर कुठेतरी मोजण्यात चूक आहे किंवा झाकण धरलेलं नाही.

## टाकीच्या हिशोबात नेमकं काय चुकतं?

आमच्या जुन्या इमारतीत काही वर्षांपूर्वी जमिनीखालच्या टाकीची दुरुस्ती काढली होती, तेव्हा दोन चुका जवळून पाहिल्या. पहिली एककाची. लिटरचा आकडा तसाच घेऊन घनमूळ काढलं तर १०,००० चं २१.५४ येतं, आणि मग "एकवीस कसले? फूट? मीटर?" असा गोंधळ उडतो. उत्तर चुकीचं नसतं, फक्त एकक वेगळं असतं: एक लिटर म्हणजे १० सेंटिमीटर बाजूचा घन, म्हणून ते २१.५४ असे दहा-दहा सेंटिमीटरचे टप्पे आहेत. २१५ सेंटिमीटर, तेच आपले २.१५ मीटर. आधी लिटरला हजाराने भागून घनमीटर करावेत, मग घनमूळ काढावं, हे बरं. फुटांत हवं असेल तर २.१५४४ मीटर म्हणजे सुमारे ७.०७ फूट, सात फूट आणि जेमतेम एक इंच.

दुसरी चूक जास्त महागात पडते. बाहेरून मोजायचं की आतून? समजा, भिंती, तळ आणि वरचा स्लॅब प्रत्येकी १५ सेंटिमीटर जाड आहेत. आतली बाजू २.१५४४ मीटर असेल तर बाहेरची २.४५४४ मीटर होते. बाहेरच्या मापाचा घन केला तर १४.८ घनमीटर येतो. म्हणजे बाहेरून टेप लावणारा माणूस दहा हजार लिटरच्या टाकीला चौदा हजार आठशे लिटरची म्हणेल. आमच्याकडे साधारण असंच झालं. कागदावर मोठी दिसलेली टाकी टँकरचं पाणी ओतल्यावर भरून वाहायला लागली, तेव्हा बिचाऱ्या वॉचमनला कळेना की टँकरवाल्याने जास्त पाणी दिलं की काय. घनफळ पाण्याचं असतं, म्हणून माप आतूनच घ्यायचं. जलरोधक लेप आतून द्यायचा तर पृष्ठफळही आतल्या बाजूवरून काढायचं. वरचा स्लॅब सोडून फक्त तळ आणि चार भिंतींनाच लेप असेल तर सहाऐवजी पाच चौरस धरायचे: ५ × ४.६४२ = २३.२ चौरस मीटर.

शिवाय टाकी काठापर्यंत भरत नाहीत, वर थोडी जागा मोकळी ठेवतात. म्हणून दहा हजार लिटर खरोखर वापरायला हवे असतील तर घनाची २.१५ मीटर ही पाण्याची उंची झाली. टाकीची उंची त्याहून जास्त घ्यावी लागते, आणि मग टाकी घन राहत नाही.

## उत्तर बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं?

बाजूसाठी पडताळा आधी सांगितला, तीनदा गुणून बघा. पृष्ठफळ आणि कर्ण या दोघांचा मात्र एकमेकांशी सुंदर संबंध आहे, आणि तो वापरला तर दोन्हींची एकदम तपासणी होते. कर्णाचा वर्ग म्हणजे बाजूच्या वर्गाची तिप्पट. पृष्ठफळ म्हणजे त्याच वर्गाची सहापट. म्हणजे कर्णाचा वर्ग करून दुप्पट केला की पृष्ठफळ यायलाच हवं. खोक्यासाठी: १७.३२ चा वर्ग ३००, दुप्पट ६००. टाकीसाठी: ३.७३१६ चा वर्ग १३.९२५, दुप्पट २७.८५. दोन वेगळ्या वाटांनी काढलेले आकडे असे जुळले की मला आजही समाधान वाटतं.

त्या दिवशी पुतणीला वरसगाव दिलं: १२.८२ टीएमसी. तिने २.३ पासून सुरुवात केली. वर्ग ५.२९, १२.८२ ला त्याने भागून २.४२३, सरासरी २.३४१. पुन्हा एक फेरी, २.३४०४. बाजू २,३४० फूट. पृष्ठफळ तिने वहीत ३ कोटी २८ लाख ५३ हजार ६०० चौरस फूट असं लिहिलं, कर्ण ४,०५३ फूट. मग ४,०५३ चा वर्ग केला, दुप्पट केली आणि ३ कोटी २८ लाख ५३ हजार ६१८ आले.

"काका, अठरा चौरस फूट जास्त येतंय."

"कर्ण पूर्ण फुटांत लिहिलास ना, त्यामुळे," मी म्हटलं. तिने √३ चे आणखी दशांश घेतले, कर्ण ४,०५२.९९९ आला, आणि तिने वहीतल्या ४,०५३ खाली तो लहान अक्षरात लिहून ठेवला.